उधारीच्या वहीचे फोटो आणि न जुळणारी बाकी: चुकलेली ओळ कशी शोधायची

कोपरखैरण्यातल्या एका किराणा दुकानाच्या वहीतलं खातं माझ्याकडे आलं, तेव्हा वाद अगदी साधा होता. दुकानदार काकांच्या वहीत बाकी ४,२४० रुपये. त्यांच्या गिऱ्हाईक काकूंच्या अंदाजाने देणं साडेतीन-पावणेचार हजारांच्या वर जाऊच शकत नव्हतं. गणपतीपासून दिवाळीच्या आधीपर्यंतची तीन पानं होती आणि वही दुकानातून हलवता येत नव्हती, कारण तिच्यात रोज पन्नास जणांची उधारी चढते. म्हणून फोटो. हिशेबाच्या कामात नवीन असलेल्यांना अशी कामं बहुतेक फोटोवरूनच करावी लागतात, म्हणून हेच एक खातं घेऊन सगळी रीत सांगते. या खात्यात माझ्याकडून एक चूक झाली होती, तीही जागेवर सांगेन.

फोटो

वही काउंटरवर सपाट ठेवा, शिवणीकडची बाजू हाताने दाबा आणि फोन पानाच्या बरोबर वर, समांतर धरा. पानाच्या चारही कडा फोटोत आल्या पाहिजेत. दुकानदार ‘जमा’ची खूण बहुधा कडेला करतात आणि कडाच कापल्या गेल्या तर हिशेबाची दिशाच हरवते. फ्लॅश लावू नका. पेन्सिलीचं लिखाण फ्लॅशमध्ये चमकतं आणि नाहीसं होतं. दाराजवळचा दिवसाचा उजेड पुरतो. प्रत्येक पानाचा एक पूर्ण फोटो घ्या आणि मग वरच्या व खालच्या अर्ध्या भागाचे जवळून दोन. पान क्रमांक वहीवर लिहू नका, वही दुसऱ्याची आहे. चिठ्ठीवर आकडा लिहून ती पानाशेजारी ठेवा आणि तिच्यासकट फोटो काढा.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. आणि स्कॅनिंग अॅपचा काळा-पांढरा फिल्टर वापरू नका. पान स्वच्छ दिसतं, वाचायला बरं वाटतं, पण फिकट पेन्सिल आणि लाल शाई त्यात पुसली जाते. मी तो फिल्टर वापरला होता. त्याचं काय झालं ते पुढे येतं.

उतरवून घेणं

पहिल्या फेरीत एकही बेरीज करायची नाही. वहीत जे दिसतं तेच शीटमध्ये उतरवायचं, चुकीचं दिसलं तरी. हे सांगायला सोपं आहे, पाळायला अवघड. २,८०० च्या खाली १६० उधार दिसले की डोळे आपोआप पुढचा आकडा २,९६० असाच वाचतात, मग तिथे काहीही लिहिलेलं असो. म्हणून मी आधी सगळ्या तारखा आणि रकमा वरून खाली उतरवते आणि बाकीचा रकाना नंतर वेगळा, तोही खालून वर. असं केलं की डोक्यातली बेरीज वाचनात लुडबुड करत नाही.

रकाने असे ठेवा: A मध्ये पान आणि ओळ, B मध्ये तारीख, C मध्ये उधार, D मध्ये जमा, E मध्ये वहीत लिहिलेली बाकी. पहिल्या ओळीत मथळे, दुसऱ्या ओळीत खात्याची सुरुवातीची मागील बाकी. ‘मागील पानावरून’ ही ओळसुद्धा स्वतंत्र उतरवा, उधार-जमा रिकामं ठेवून फक्त बाकी लिहा. एका पानाची बाकी दुसऱ्या पानावर नेताना आकडे उलटसुलट होणं ही फार नेहमीची चूक आहे आणि ती पकडायला ही ओळ लागते.

शीटमध्ये आकडे इंग्रजीच टाईप करा. मराठी आकडे अनेकदा मजकूर समजले जातात आणि बेरजेत धरले जात नाहीत. आकडा रकान्यात उजवीकडे न चिकटता डावीकडे चिकटला, तर तसंच झालंय असं समजा.

अक्षराबद्दल थोडं. मराठी आकड्यांत १ आणि ९ घाईत एकसारखे होतात. दुकानात दोन हात लिहीत असतील तर गोंधळ वाढतो: वडील मराठी आकडे लिहितात, मुलगा इंग्रजी. मग वडिलांचा एक मुलाच्या नऊसारखा दिसतो आणि वरून मिटलेला ४ इंग्रजी आठसारखा. रकमेपुढची ‘/-’ ही खूणही कधी कधी एक वाचली जाते आणि २७० चे २,७०१ होतात. खात्री नसलेल्या आकड्याच्या रकान्याला पिवळा रंग द्या आणि शेजारी दोन्ही शक्यता लिहा. जिथे रक्कम मुळीच वाचता येत नाही, तिथे वरच्या आणि खालच्या बाकीतल्या फरकावरून ती काढता येते. पण तसं केलं तर त्या ओळीची तपासणी संपली, कारण जो आकडा तपासायचा त्याच्याच आधारे आपण रक्कम ठरवली. अशा ओळीसमोर ‘बाकीवरून’ असं लिहून ठेवा.

दोन फरक, दोन वेगळी कामं

आता दोन रकाने वाढवायचे. F मध्ये पायरीचा फरक, G मध्ये एकूण फरक. तिसऱ्या ओळीत ही सूत्रं लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
F3:  =E3-(E2+C3-D3)
G3:  =E3-($E$2+SUM(C$3:C3)-SUM(D$3:D3))
```

F प्रत्येक ओळ एकटी तपासतो. वहीत वर लिहिलेली बाकी बरोबर आहे असं धरून, तिच्यात उधार मिळवून आणि जमा वजा करून खालची बाकी येते का, एवढंच तो बघतो. वर चूक असली तरी ती खाली झिरपत नाही. G मात्र पहिल्या बाकीपासून स्वतःची बेरीज करत येतो, त्यामुळे एकदा चूक झाली की तो फरक शेवटपर्यंत दाखवत राहतो. नवीन माणूस बहुधा फक्त G करतो, मग खालच्या चाळीस ओळी चुकलेल्या दिसतात आणि तो घाबरतो. चूक एका ओळीत असते, बाकीच्या ओळी फक्त ती वाहून नेतात.

वहीत प्रत्येक ओळीला बाकी लिहिलेली नसेल, दिवसभराच्या तीन-चार वस्तूंखाली एकच बाकी असेल, तर त्या सगळ्या रकमा एका ओळीत घ्या. C मध्ये `=55+120+38` असं लिहिलं की वेगवेगळ्या रकमाही दिसत राहतात आणि बेरीजही होते. बाकी रिकामी सोडून सूत्र ओढलंत तर रिकामा रकाना शून्य धरला जातो आणि हजारोंचे खोटे फरक उगवतात.

काकूंच्या खात्याच्या दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला मला पहिल्या फेरीत हे मिळालं:

| ओळ | तारीख | उधार | जमा | लिहिलेली बाकी | पायरीचा फरक | एकूण फरक |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | मागील पानावरून | | | २,३८५ | ० | ० |
| २ | १/१० | ४१५ | | २,८०० | ० | ० |
| ३ | ४/१० | १६० | | २,१६० | −८०० | −८०० |
| ४ | ६/१० | १८५ | | ३,१४५ | +८०० | ० |
| ५ | ७/१० | २७० | | ३,४१५ | ० | ० |
| ६ | ९/१० | ३४२ | | ३,७५७ | ० | ० |
| ७ | ११/१० | १२८ | | ३,८८५ | ० | ० |
| ८ | १३/१० | | १,००० | २,८८५ | ० | ० |

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीकडे बघा. आधी उणे ८००, लगेच खाली अधिक ८००. समान आणि उलट फरकांची अशी जोडी दिसली की हिशेब चुकलेला नाही, बाकीचा आकडा वाचायला चुकलाय असं आधी धरा. कारण त्या बाकीचा उपयोग दोनदा होतो: एकदा तिच्या ओळीत उत्तर म्हणून, एकदा खालच्या ओळीत सुरुवात म्हणून. फोटो मोठा करून बघितला तर २,१६० नव्हते, २,९६० होते. नवाची खालची शेपटी रेघेत मिसळली होती. दुरुस्त केलं, दोन्ही फरक शून्य झाले. कधी कधी दुकानदारानेच तो आकडा चुकीचा लिहिलेला असतो, पण पुढची बेरीज डोक्यातल्या बरोबर आकड्यावर केलेली असते. तेव्हाही अशीच जोडी दिसते आणि शेवटच्या बाकीवर तिचा काही परिणाम होत नाही.

खरी चूक एकाच ओळीत दिसते. तिथे F मध्ये फरक येतो, खालच्या ओळीपासून F पुन्हा शून्य, आणि G तोच फरक धरून शेवटपर्यंत जातो. पण उधार किंवा जमेची रक्कम वाचायला चुकली तरी नेमकं हेच दिसतं. रकमेचा उपयोग एकदाच होतो, म्हणून उलटी जोडी तयार होत नाही. तेव्हा एकट्या फरकावरून दुकानदाराला चूक दाखवायला जाऊ नका. आधी त्या ओळीचा जवळचा फोटो बघा, शंका राहिली तर वहीच बघा.

सगळे शून्य, तरी बाकी पटत नाही

२,९६० ची दुरुस्ती झाल्यावर माझ्या शीटमध्ये तिन्ही पानांवर F आणि G दोन्ही शून्य होते. सुरुवातीची बाकी १,१२०, एकूण उधार ९,७५०, एकूण जमा ६,६३०, शेवटी ४,२४०. वहीशी तंतोतंत जुळत होतं. मी काकूंना फोन करून सांगितलं की हिशेब बरोबर आहे.

काकू म्हणाल्या, “अगं, पण मी पैसे सात वेळा दिलेत. तुझ्या यादीत किती वेळा आहेत?”

माझ्या यादीत सहा होते.

ही तपासणी मी आधीच करायला हवी होती. बेरीज जुळली याचा अर्थ एवढाच की माझी नोंद आणि वहीतली बाकी एकमेकींशी सुसंगत आहेत. दोघींनी एकच चूक केली असेल तर फरक शून्यच येणार. म्हणून जमा झालेले हप्ते मोजायचे आणि ग्राहकाकडच्या पुराव्याशी एक-एक ताडून बघायचे. काकू नेहमी फोनवरून पैसे देतात, त्यामुळे यूपीआयच्या व्यवहारांत दुकानाचं नाव शोधलं की तारीख आणि रक्कम मिळत होती. रोख देणाऱ्यांच्या बाबतीत भिंतीवरच्या कॅलेंडरवरची टिपणं बघावी लागतात, आणि काहींकडे तीही नसतात.

काकूंच्या फोनमध्ये ७ ऑक्टोबरला २७० रुपये होते. माझ्या शीटमध्ये ७/१० ला २७० होतेच, पण उधारीत.

इथे जरा थांबायला हवं. फोनवरून दुकानाला गेलेले सगळेच पैसे उधारीत जमा होत नसतात. काकूंनी त्या दिवशी तेल-साखर घेऊन तिथल्या तिथे पैसे दिलेले असू शकतात, आणि वहीतले २७० ही त्याच दिवसाची वेगळी उधारीसुद्धा असू शकते. तारीख आणि रक्कम जुळली म्हणजे सिद्ध झालं असं नाही. म्हणून मी फिल्टर न लावलेला मूळ रंगीत फोटो उघडला. २७० च्या डावीकडे, शिवणीला लागून, पेन्सिलीने ‘ज’ लिहिला होता. फिल्टर लावलेल्या फोटोत ती जागा कोरी पांढरी होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन वही बघितली. ‘ज’ होताच. काकांनी सांगितलं, संध्याकाळी गर्दीच्या वेळी मुलगा काउंटरवर असतो, तो रक्कम टिपून ठेवतो आणि बाकी ते स्वतः रात्री दुकान बंद केल्यावर काढतात. वहीत रकमेचा रकाना एकच. उधार तसंच लिहायचं, जमा असेल तर समोर ‘ज’. इतर सहा हप्ते काकांनी स्वतः शाईने ‘जमा’ असे लिहिले होते. हा एकच मुलाने पेन्सिलीने टिपला होता, आणि रात्री ओळीने मिळवत जाताना तोही मिळवला गेला.

शीटमध्ये २७० उधारीतून काढून जमेत टाकले. पाचव्या ओळीत F मध्ये ५४० आले, सहाव्यापासून पुन्हा शून्य, आणि G पाचव्या ओळीपासून थेट शेवटच्या ४,२४० पर्यंत ५४० वर स्थिर. उधार ९,४८०, जमा ६,९००, खरी बाकी ३,७००.

बाकी फक्त पानाच्या शेवटी असेल तर

काही दुकानदार ओळीगणिक बाकी काढत नाहीत. मग F चालवायला जागाच नसते. तेव्हा प्रत्येक पानाची वेगळी बेरीज करा: वरची बाकी, अधिक उधार, उणे जमा. ज्या पानाच्या तळाशी फरक येतो त्याच पानावर काम करा. आणि मग फरकाचा आकडा काय सांगतो ते बघा.

फरकाचं अर्ध करा आणि ती रक्कम पानावर शोधा. ५४० चं अर्ध २७०, आणि २७० ची नोंद जमेत सापडली तर ती मिळवली गेली असावी. फरक एखाद्या रकमेएवढाच असेल तर ती नोंद गळाली किंवा दोनदा धरली गेली. बरोबर १० किंवा १०० असेल तर हातचा राहिला किंवा जास्तीचा धरला. नवाने भाग जात असेल तर शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले असू शकतात, जसे ३,२८० चे ३,८२०, फरक ५४०.

म्हणजे ५४० हा एकच आकडा दोन वेगळ्या चुकांकडे बोट दाखवतो. म्हणून या खुणांवरून कुठे आधी बघायचं एवढंच ठरवा. काय चुकलं ते त्या ओळीवर जाऊन, अक्षर बघूनच ठरतं. आणि एका पानावर दोन चुका असतील तर उरलेला फरक त्या दोघींची बेरीज-वजाबाकी असतो, तेव्हा या खुणा काहीच सांगत नाहीत. मग पूर्ण पान ओळीने करावं लागतं.

वहीत दुरुस्ती

जुन्या ओळीत खाडाखोड करू नका, करूही देऊ नका. ७ तारखेचा आकडा बदलला तर खालच्या सगळ्या बाक्या बदलाव्या लागतील आणि महिन्याभराने त्या पानावर कोणाचाच विश्वास बसणार नाही. आजच्या तारखेला नवीन ओळ घालायची. काकांनी पेन हातात घेतलं आणि थांबले.

“ताई, चूक २७० ची. मग ५४० का वजा करायचे?”

प्रश्न बरोबर होता, हा सगळ्यांनाच पडतो. मी त्यांना ओळ चारची बाकी दाखवली, ३,१४५. त्यात २७० मिळवून ३,४१५ झाले होते. आधी ते मिळवलेले २७० काढायचे, म्हणजे पुन्हा ३,१४५ वर आलो. पण काकूंनी दिलेले पैसे अजून वजा झालेच नाहीत. ते वजा केले की २,८७५. ३,४१५ आणि २,८७५ मधलं अंतर ५४०. त्यांनी कॅल्क्युलेटरवर एकदा स्वतः करून बघितलं आणि मगच लिहिलं:

‘दुरुस्ती. ७/१० ची जमा २७० उधारीत धरली होती. जमा ५४०. बाकी ३,७००.’

खाली काकांची सही, शेजारी काकूंची. त्या ओळीचा फोटो मी दोघांनाही पाठवला, फिल्टर न लावता. आणि काकांनी त्याच दिवशी पुढच्या कोऱ्या पानावर पट्टीने मधोमध एक रेघ मारली, डावीकडे ‘उधार’ लिहिलं, उजवीकडे ‘जमा’.